सावली ओढायची कुठवर? कटआउटला नव्या जमिनीवर उभं करताना

माणसाचा फोटो कापून दुसऱ्या जागेच्या फोटोत बसवला की पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच येते: "तरंगतोय." कड स्वच्छ कापलेली असते, केसांच्या मास्कवर दोन तास खपलेले असतात, रंगही जुळवलेले असतात, तरी तो माणूस जमिनीपासून बोटभर वर राहिल्यासारखा वाटतो. मग आपण मऊ काळा ब्रश घेऊन पायाखाली फिरवतो. आता तो तरंगत नाही, पण काळ्या डागावर उभा असल्यासारखा दिसतो.

मीही बरीच वर्षं असाच ब्रश फिरवला. सावली ही आपण मनाने रंगवायची गोष्ट आहे असं मी धरून चाललो होतो. खरं तर ज्या जागेत माणूस बसवायचा आहे त्या फोटोत सावलीची दिशा, लांबी, रंग आणि कडेचा मऊपणा या चारही गोष्टींची उत्तरं आधीच असतात. ती मोजून घ्यावी लागतात. प्रतिबिंबाचंही तसंच. हे मोजणं कसं करायचं ते एकाच उदाहरणातून शेवटपर्यंत पाहू.

फोटो ३००० बाय २००० पिक्सेलचा आहे. दगडी फरशीचं मोकळं, सपाट पटांगण. नुकतीच पावसाची सर येऊन गेली आहे आणि ऊन पडलं आहे. फरशी बरीचशी वाळली आहे, पण अधूनमधून पाण्याचे पातळ थर साचलेले आहेत. सूर्य कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला, जरासा डावीकडे आणि चौकटीच्या बाहेर वर आहे. त्यामुळे सावल्या आपल्याकडे आणि किंचित उजवीकडे येतात. डाव्या बाजूला, थोडा मागे, तीन मीटर उंचीचा दिव्याचा खांब आहे आणि त्याची सावली टोकापर्यंत स्वच्छ दिसते. हा खांबच आपली मोजपट्टी. या पटांगणात स्टुडिओत काढलेली एक बाई उभी करायची आहे. उंची १ मीटर ६५ सेंटिमीटर, एक पाय पूर्ण टेकलेला, दुसऱ्या पायाची टाच पाचेक सेंटिमीटर उचललेली.

आधी ती किती मोठी आणि कुठे

सावलीच्या आधी माप ठरवावं लागतं, कारण माप चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. फरशीच्या सांध्यांच्या समांतर रेषा मागे वाढवत नेल्या की त्या एका बिंदूत मिळतात. तो बिंदू ज्या आडव्या रेषेवर पडतो ते क्षितिज. आपल्या फोटोत ते वरून ८०० पिक्सेलवर आहे. खांबाचा पाया ११६३ वर, टोक ४३८ वर, म्हणजे क्षितिज खांबाच्या बरोबर मध्यातून जातं. सपाट जमिनीवर क्षितिज प्रत्येक उभ्या वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवरच कापतं. म्हणून कॅमेरा खांबाच्या निम्म्या उंचीवर, दीड मीटरवर होता.

आता बाईचा पाय डाव्या कडेपासून १७०० आणि वरून १३४४ या जागी ठेवू. पायापासून क्षितिजापर्यंत ५४४ पिक्सेल झाले आणि तेवढ्यात दीड मीटर मावतो. त्याच प्रमाणात १.६५ मीटर म्हणजे ५९८ पिक्सेल. बाई तेवढीच उंच हवी आणि क्षितिजरेषा तिच्या तोंडाजवळून जायला हवी. तिला पुढे आणा की मागे न्या, रेषा तोंडाजवळूनच जाईल. स्टुडिओतला कॅमेरा कमरेच्या उंचीवर असेल, तर पाऊल वेगळ्या कोनातून दिसेल आणि ते कितीही सावली टाकून लपत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच पाहून घ्यावी. सूर्य तिच्या मागे आहे, तेव्हा फोटोत डावीकडे दिसणाऱ्या तिच्या खांद्यावर आणि केसांच्या कडेवर उजेडाची रेघ हवी, चेहरा सावलीत हवा. स्टुडिओत समोरून लख्ख दिवा मारलेला असेल तर दुसरा फोटो शोधावा. सावली म्हणते ऊन मागून आहे आणि नाक म्हणतं पुढून आहे, असं झालं की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, भले त्याला कारण सांगता येऊ नये.

सावलीचं टोक दोन रेषांत सापडतं

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

खांबाच्या सावलीचं टोक १२१८, १३५९ या जागी आहे. टोकापासून खांबाच्या पायापर्यंत एक सरळ रेषा काढा आणि ती तशीच पुढे क्षितिजाला टेकेपर्यंत न्या. ती डाव्या कडेपासून सुमारे ९९० वर टेकते. या बिंदूला 'पायथा' म्हणू. हा सूर्याच्या बरोबर खाली, क्षितिजावर असलेला बिंदू आहे, आणि या जमिनीवर उभ्या वस्तूंच्या सगळ्या सावल्यांच्या रेषा याच बिंदूतून निघाल्यासारख्या पसरतात. म्हणूनच दोन वस्तूंच्या सावल्या फोटोत एकमेकींना समांतर दिसत नाहीत. खांबाची सावली ज्या कोनात आहे तोच कोन उचलून बाईला दिला तर ते चूक ठरतं, आणि ही चूक फार जण करतात.

आता सावलीच्या टोकापासून खांबाच्या टोकापर्यंत दुसरी रेषा काढा आणि वर वाढवा. पायथ्यातून एक उभी रेषा वर न्या. या दोन रेषा जिथे भेटतात तिथे सूर्य आहे. आपल्या फोटोत ही जागा चौकटीच्या वरच्या कडेच्याही वर, साधारण १२७० पिक्सेलवर येते. त्यासाठी आधी कॅनव्हास वरच्या बाजूने वाढवून घ्यावा लागतो, काम झालं की तो परत कापायचा.

पायथा आणि सूर्य हे दोन बिंदू मिळाले की पुढचं सोपं आहे. पायथ्यातून बाईच्या पायातून जाणारी रेषा काढा. सूर्यातून तिच्या डोक्याच्या टोकातून जाणारी रेषा काढा. त्या जिथे छेदतात तिथे तिच्या सावलीचं डोकं. आपल्या फोटोत ही जागा १९९०, १५६५ च्या आसपास येते, म्हणजे पायापासून २९० पिक्सेल उजवीकडे आणि सुमारे २२० पिक्सेल खाली.

हे अंतर मोजलं तर सावली साधारण ३६५ पिक्सेल लांब भरते, बाईच्या उंचीच्या सहा दशांश. पण सूर्य जमिनीपासून ३५ अंश वर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष जमिनीवर ही सावली उंचीच्या जवळजवळ दीडपट, २.३५ मीटर लांब आहे. कॅमेरा जमिनीकडे तिरका बघतो म्हणून ती आखडलेली दिसते. सकाळचं ऊन आहे, सावली लांब हवी, असं मनाशी म्हणत आपण ती ९०० पिक्सेल ओढतो, आणि मग बाईच्या पायाखालची जमीन उतरणीची वाटू लागते. डोळ्याच्या अंदाजाने ओढलेली सावली इथेच फसते.

सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तेव्हाही रेषा याच काढायच्या. फरक इतकाच की सावल्या आपल्यापासून दूर जातात, पायथा सावल्यांच्या पुढच्या दिशेला क्षितिजावर येतो आणि दुसरा बिंदू क्षितिजाच्या खाली पडतो. तो सूर्य नसून आपल्या पाठीमागच्या सूर्याच्या बरोबर समोरची दिशा असते.

आकार: चार कोपरे

बाईच्या आकाराची एक प्रत घ्या आणि ती एकाच रंगाने भरा. तिच्याभोवती एक चौकट कल्पा: खालची बाजू पायाच्या रेषेवर, वरची डोक्याच्या टोकावर. वर डोक्यासाठी जी कृती केली तीच चौकटीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांसाठी करा, प्रत्येक कोपऱ्याच्या खालचा जमिनीवरचा कोपरा धरून. दोन नवे बिंदू मिळतील. मग फोटोशॉपमध्ये `Edit > Transform > Distort` घेऊन खालचे दोन कोपरे तसेच ठेवायचे आणि वरचे दोन या बिंदूंवर खाली ओढून आणायचे. डावा कोपरा डाव्या बिंदूवर, उजवा उजव्या बिंदूवर. आकार आपोआप उलटा होतो आणि आपल्याकडे येताना योग्य तेवढा रुंदावतो. सपाट, उभ्या आकाराची सपाट जमिनीवर पडणारी सावली भूमितीने अशीच असते, म्हणून चार कोपरे बरोबर बसले की आतलं सगळं बरोबर बसतं. इतर प्रोग्रॅममध्ये चार कोपरे ओढण्याचं साधन वेगळ्या नावाने असतं, काम तेच.

पण माणूस सपाट नसतो. टेकलेला पाय पुढे आणि उचललेल्या टाचेचा पाय मागे असेल तर एका चौकटीतून काढलेली सावली एकाच पायाला नीट चिकटते, दुसऱ्यापासून सुटते. यावर मी पायांच्या सावल्या गुडघ्यापासून वेगळ्या कापतो आणि प्रत्येक पायाची सावली त्याच्या स्वतःच्या टेकण्याच्या जागेपासून सुरू करून वर मांडीत मिसळतो. उचललेल्या टाचेची सावली मात्र टाचेला चिकटवायची नाही. पाच सेंटिमीटर वर असलेल्या टाचेची सावली तिच्या बरोबर खालच्या जागेपासून सात सेंटिमीटर पुढे पडते. ही छोटी फट राखली तर टाच खरोखर उचललेली दिसते.

या पद्धतीची खरी मर्यादा दुसरी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. सूर्य बाईचा जो आकार पाहतो त्याची ही सावली असते, आणि आपल्याकडे कॅमेऱ्याने पाहिलेला आकार आहे. सूर्य जवळजवळ बरोबर समोर किंवा बरोबर पाठीमागे असेल तर हे दोन आकार जवळजवळ एकच असतात, फार तर उलटसुलट. आपल्या फोटोत सूर्य दहाएक अंश बाजूला आहे, तेवढा फरक कोणाला दिसत नाही. पण ऊन बाजूने येत असेल तर सावलीत चेहऱ्याची बाजू दिसायला हवी, नाक आणि पोट दिसायला हवं, दोन हात एकावर एक यायला हवेत. समोरून काढलेला आकार तिथे कितीही ओढला तरी खोटाच राहतो. फोटो आपणच काढणार असलो तर त्याच उभं राहण्यात, ऊन ज्या बाजूने येणार त्या बाजूने, आणखी एक फोटो काढून ठेवावा. तो फक्त सावलीसाठी. ते जमत नसेल तर ब्लेंडरसारख्या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये त्याच पवित्र्यात एक साधा पुतळा उभा करून, जमिनीला `Shadow Catcher` हा गुण देऊन नुसती सावली मिळवता येते.

कड किती मऊ

सूर्य बिंदू असता तर सावलीची कड सुरीसारखी असती. पण तो आकाशात साधारण अर्ध्या अंशाची थाळी आहे. ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया असे दोन शब्द सगळ्यांनी वाचलेले असतात. पटांगणावरच्या सावलीलाही त्या दोन्ही असतात. जिथून सूर्याची अख्खी थाळी झाकली जाते ती गडद प्रच्छाया, जिथून अर्धीमुर्धी झाकली जाते ती कडेची उपच्छाया. उपच्छायेची रुंदी सावली टाकणारा भाग जमिनीपासून किती लांब आहे यावर ठरते. किरणाच्या वाटेने मोजलेल्या अंतराला १०८ ने भागलं की ती अंदाजे येते.

बाईच्या डोक्यापासून तिच्या सावलीतल्या डोक्यापर्यंत किरण २.९ मीटर जातो, म्हणून तिथे कड सुमारे २.७ सेंटिमीटर मऊ होते. फोटोत हे १४ पिक्सेल होतात. गुडघ्याच्या सावलीत हीच कड तीनेक पिक्सेलची, आणि पायाशी जवळजवळ शून्य. `Gaussian Blur` मध्ये आकडा कडेच्या रुंदीच्या साधारण चौथा हिस्सा टाकावा लागतो, कारण तो ब्लर दोन्हीकडे बराच पसरतो. म्हणजे डोक्याशी साडेतीन, पायाशी शून्य. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. सगळ्या सावलीला सरसकट वीसचा ब्लर द्यायची मला सवय होती. वीसचा ब्लर म्हणजे मोठ्या पांढऱ्या पडद्यामागचा दिवा झाला, ऊन नव्हे. खात्री करायची तर खांबाकडे पाहा. तीन मीटर वरच्या टोकाच्या सावलीची कड १८ पिक्सेलच्या आसपास मऊ असायला हवी.

करायचं असं: सावलीच्या दोन प्रती, एक तीक्ष्ण आणि एक मऊ. मऊ प्रतीवर पायापासून डोक्याकडे उजळत जाणारा ग्रेडियंटचा मास्क, तीक्ष्ण प्रतीवर त्याच्या उलटा. फोटोशॉपमध्ये `Field Blur` ने दोन टाचण्या लावूनही हेच होतं, पायाशी शून्य आणि डोक्याशी हवा तो आकडा. आभाळ भरून आलेलं असेल तर मात्र ही ओढलेली सावली नसतेच. तिथे फक्त पायाभोवतीचा मऊ काळोख राहतो, त्याकडे पुढे येतोच.

रंग: काळा नव्हे

उन्हाच्या सावलीत अंधार नसतो. तिथे सूर्याचा उजेड पोहोचत नाही, पण निळ्या आकाशाचा पोहोचतो. त्यामुळे सावलीतली फरशी उन्हातल्या फरशीपेक्षा नुसती काळपट नसते, निळसरही असते.

आयड्रॉपरला एका पिक्सेलऐवजी ११ बाय ११ पिक्सेलची सरासरी घ्यायला सांगा. एकाच प्रकारच्या कोरड्या फरशीवर एकदा उन्हात आणि एकदा खांबाच्या सावलीत टिपा. समजा उन्हात लाल, हिरवा, निळा हे आकडे २००, १९०, १७६ आले आणि सावलीत ९२, ९६, १०४. प्रत्येक रंगाचा भागाकार करा: ०.४६, ०.५१, ०.५९. यांना २५५ ने गुणलं की ११७, १२९, १५१ असा निळसर राखाडी रंग मिळतो. या रंगाचा `Solid Color` लेयर घ्यायचा, त्याला सावलीच्या आकाराचा मास्क द्यायचा आणि ब्लेंड मोड `Multiply` ठेवायचा, ओपॅसिटी शंभर टक्के. फरशी जिथे उजळ आहे तिथे ती उजळच राहून योग्य तेवढी दबते, सांधा काळा आहे तिथे तो त्याच प्रमाणात अधिक काळा होतो, आणि दगडाचा पोत कुठेही पुसला जात नाही.

याऐवजी पन्नास टक्के काळा टाकला असता तर काय झालं असतं? फरशी १००, ९५, ८८ झाली असती. गडदपणा जवळपास तोच, पण रंग पिवळसर. शेजारी खांबाची निळसर सावली आणि इथे बाईची पिवळसर सावली. दोन्ही एकाच उन्हात पडल्या आहेत यावर डोळा विश्वास ठेवत नाही.

इथेच एक सापळा आहे. बाईची सावली कुठे खांबाच्या किंवा दुसऱ्या कशाच्या सावलीवरून गेली तर `Multiply` तिथे दुप्पट गडद करतो. प्रत्यक्षात असं होत नाही. सूर्य एकदा झाकला गेला की त्याला पुन्हा झाकणार कसं? दोन सावल्या जिथे एकत्र येतात तिथेही जमीन तेवढीच गडद राहते. म्हणून फोटोत आधीपासून असलेली सावली नव्या मास्कमधून वगळावी लागते. पायांच्या वेगळ्या कापलेल्या सावल्याही वेगवेगळ्या लेयरवर एकमेकींवर ठेवू नयेत, एकाच मास्कमध्ये विलीन कराव्यात. कोणाचं काम तपासायला आलं तर मी पहिल्यांदा हीच जागा शोधतो.

पायाला चिकटलेली सावली

ओढलेली सावली बरोबर बसली तरी पाऊल हलकं वाटू शकतं. तळवा जिथे फरशीला टेकतो तिथल्या चिंचोळ्या फटीत सूर्याचा उजेड तर नाहीच, आकाशाचाही पोहोचत नाही. तिथे जवळजवळ काळी रेघ असते. तिला कामात कॉन्टॅक्ट शॅडो म्हणतात आणि खरं वजन तीच देते.

ही रेघ फार बारीक असते. आपल्या फोटोत बाईच्या पायाशी एक सेंटिमीटर म्हणजे साडेतीन पिक्सेल. तळव्याच्या कडेला दोन-तीन पिक्सेलची गडद रेघ, आणि मग पाच-सहा सेंटिमीटरमध्ये, म्हणजे वीसेक पिक्सेलमध्ये, विरत जाणारा हलका काळोख. ही हाताने रंगवायला हरकत नाही, दोन वेगळ्या लेयरवर, दोन्ही `Multiply`. गडद रेघ फक्त जिथे खरोखर टेकलं आहे तिथे: टेकलेल्या पायाची टाच, चवडा आणि बाहेरची कड, दुसऱ्या पायाचा फक्त चवडा. उचललेल्या टाचेखाली फक्त विरळ काळोख. बुटाच्या टाचेपुढच्या कमानीखालीही रेघ तुटायला हवी. सुरुवातीला सांगितलेला काळा डाग होतो तो याच एका ठिकाणी, कारण आपण दोन पिक्सेलच्या जागी ऐंशी पिक्सेलचा ब्रश वापरतो.

प्रतिबिंब सावलीच्या वाटेने जात नाही

आता पाणी. सावली उन्हाच्या दिशेने पडते, प्रतिबिंब मात्र नेहमी टेकलेल्या जागेपासून सरळ खाली, बघणाऱ्याकडे येतं. ऊन कुठूनही येवो. आपल्या फोटोत बाईची सावली तिरकी उजवीकडे जाते आणि प्रतिबिंब पायापासून ५९८ पिक्सेल सरळ खाली, १९४२ पर्यंत. तेवढी जागा चौकटीत आहे हे आधीच पाहून ठेवायचं.

बाईची प्रत घेऊन ती उभी उलटवायची आणि टेकलेल्या पायाशी पाय जुळवायचा. इथेही पायांचा तोच प्रश्न येतो, प्रत्येक पाय आपापल्या टेकण्याच्या जागी उलटतो. टाच पाच सेंटिमीटर वर आहे, तर तिचं प्रतिबिंब फरशीच्या तितकंच खाली. खऱ्या टाचेत आणि प्रतिबिंबातल्या टाचेत दहा सेंटिमीटरची, म्हणजे ३६ पिक्सेलची फट दिसायला हवी.

मग ते किती ठळक ठेवायचं? प्रतिबिंब वस्तूपासून लांब जाताना फिकं होतं असं सगळे सांगतात आणि ग्रेडियंट लावतात. परिणाम बरोबर आहे, कारण वेगळं आहे, आणि कारण कळलं की ग्रेडियंट किती लावायचा तेही कळतं. पाणी किती उजेड परतवतं हे आपण त्याच्याकडे किती तिरकं बघतो यावर ठरतं. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची समीकरणं हेच सांगतात. सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परतवतं. बाईच्या पायाशी आपली नजर पाण्याला दहा-अकरा अंशांत लागते, तिथे ते सुमारे एक तृतीयांश परतवतं. डोक्याचं प्रतिबिंब जिथे दिसतं तिथे नजर साडेएकवीस अंशांत लागते, तिथे बारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पायाशी तेहतीस, डोक्याशी बारा असा उतार. कॅमेरा जमिनीलगत ठेवून काढलेल्या फोटोत नजर सगळीकडेच अधिक तिरकी लागते आणि प्रतिबिंब वरपासून खालपर्यंत अधिक ठळक राहतं. तिथे सवयीने हाच ग्रेडियंट लावला तर तो खोटा.

मऊपणाचं कारण निराळं. पाण्याचा थर इतका पातळ की खालच्या दगडाचा खडबडीतपणा वर जाणवतो, आणि खडबडीत पृष्ठभाग प्रतिबिंब विस्कटतो. टेकलेल्या जागेशी विस्कटणं दिसत नाही, वस्तू पृष्ठभागापासून जितकी उंच तितकं ते वाढतं, आणि आडव्यापेक्षा उभं जास्त पसरतं. म्हणून इथे गोल ब्लरपेक्षा उभ्या दिशेचा `Motion Blur` बरा, पायाशी शून्य ठेवून खाली वाढवत नेलेला. किती, ते खांबाचं प्रतिबिंब सांगेल. तेही याच पाण्यात, खांबाच्या पायापासून सरळ खाली पडलेलं आहे. ते जिथे तुटतं तिथे फरशी कोरडी आहे. बाईचं प्रतिबिंबही फक्त ओल्या भागातच दिसावं, त्यासाठी पाण्याच्या तुकड्यांचा मास्क लागतो. त्या मास्कची कड अगदी रेखीव ठेवू नये, पाणी दगडात मुरत जातं.

ब्लेंड मोडची गोष्ट थोडी उलटी आहे. बहुतेक जण प्रतिबिंबाला `Screen` देतात, कारण प्रतिबिंब म्हणजे वाढलेला उजेड असं वाटतं. पण या पटांगणातलं पाणी आधीच चकाकतं आहे, कारण त्यात समोरचं उजळ आकाश दिसतं. बाई मध्ये आली की ते आकाश झाकलं जातं आणि त्या जागी तिचे गडद कपडे दिसतात. म्हणजे पाणी तिथे काळपट व्हायला हवं. नुसत्या `Screen` ने ते कधीच काळपट होणार नाही, आणि गडद साडीचं प्रतिबिंब जवळपास गायबच होईल. म्हणून दोन पायऱ्या: आधी तिच्या उलट्या आकाराने पाण्यावर `Multiply`, आकाश झाकल्याबद्दल, आणि वर तिचं रंगीत प्रतिबिंब `Screen` मध्ये, वरच्या टक्क्यांनी. पहिल्या पायरीचा रंग पुन्हा खांबाकडूनच मिळतो. आकाश दिसणारं पाणी आणि शेजारचं खांबाचं प्रतिबिंब पडलेलं पाणी टिपा आणि आधीसारखाच भागाकार करा.

सावली आणि प्रतिबिंब जिथे एकमेकांवर येतात, म्हणजे पायांजवळच्या ओल्या जागेत, तिथे सावली प्रतिबिंबाला दाबत नाही. सावली फरशीच्या दगडावर पडते, आरशावर पडत नाही. दगड काळवंडला की उलट प्रतिबिंब अधिक स्पष्ट दिसतं. म्हणून लेयर रचताना फरशीच्या वर आधी सावली, तिच्यावर प्रतिबिंबाच्या दोन पायऱ्या, मग कॉन्टॅक्ट शॅडो आणि सगळ्यात वर बाई. हा क्रम उलटला तर प्रतिबिंबावर एक राखाडी पट्टा येतो.

उलटवलेली प्रत कुठे दगा देते तेही लक्षात ठेवा. पाण्यातून आपल्याला जे दिसतं ते जणू जमिनीखाली दीड मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला दिसलेलं असतं. तो वर बघतो. त्याला हनुवटीची खालची बाजू दिसते, उचललेल्या टाचेचा तळ दिसतो. आपल्या उदाहरणात चेहऱ्याच्या जागी प्रतिबिंब बारा टक्क्यांचं आणि विस्कटलेलं आहे, तिथे कोणी हनुवटी शोधणार नाही. उचललेल्या टाचेच्या प्रतिबिंबात मात्र तळाचा गडद रंग मी दोन-चार फटकाऱ्यांत रंगवतो. बाईच्या हातात उघडी छत्री असती तर नुसतं उलटवून भागलंच नसतं. वरून छत्रीचं कापड दिसतं आणि पाण्यात तिच्या काड्या दिसायला हव्यात. तिथे छत्रीचा खालून काढलेला वेगळा फोटोच लागतो.

शेवटी मी सगळे लेयर चालू ठेवून बाईचा लेयर तेवढा बंद करतो. रिकाम्या पटांगणात तिची सावली, तिचं प्रतिबिंब आणि टेकलेल्या पायाची रेघ उरते. नुसत्या तेवढ्यावरून ती कुठे उभी आहे, कोणता पाय टेकला आहे आणि कोणती टाच उचलली आहे हे ओळखता आलं, तर लेयर परत चालू करतो.